गल्ल्याचा हिशोब आणि क्यूआरचा मेळ: गल्लीतल्या दुकानांचं अकाउंटिंग करून द्यायचं असेल तर

बी.कॉम. झालंय, टॅलीचा कोर्सपण केलाय आणि आता घराजवळच्या किराणा, स्टेशनरी, बेकरीवाल्यांचा हिशोब लावून द्यायचं काम सुरू करायचंय, अशांसाठी हे लिहितेय. मी सांगलीत हेच काम करते, त्यामुळं उदाहरणं सगळी इथलीच येतील, पण साताऱ्यात काय नि मिरजेत काय, गल्लीतलं दुकान सगळीकडं साधारण एकाच पद्धतीनं चालतं. दुकानदार ओळखीतला असतो, सकाळी सात ते रात्री दहा उघडा असतो, माल होलसेल बाजारातनं, म्हणजे इथं गणपती पेठेतनं, आणतो आणि बिल फाडत नाही. हा शेवटचा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा आहे. कॉलेजात आपल्याला शिकवलेलं सगळं व्हाउचरपासून सुरू होतं आणि इथं व्हाउचरच नसतं, पाच रुपयाच्या शाम्पूच्या पुडीला कोण बिल करणार, त्यामुळं टॅली उघडून बसलात तर पहिल्याच दिवशी अडकाल. सुरुवात वहीवर करायची, कॉम्प्युटर नंतर.

पहिली भेट: विचारायचं कमी, बघायचं जास्त

"काका, महिन्याचा टर्नओव्हर किती?" असं पहिल्या भेटीत विचारायचंच नाही. एकतर त्यांना खरंच माहीत नसतं, आणि दुसरं म्हणजे तुम्ही इन्कम टॅक्सवाल्यांची माणसं वाटता. त्यापेक्षा संध्याकाळी सहा ते आठ, गर्दीच्या वेळी, एका बाजूला स्टुलावर बसायचं आणि गल्ल्यातनं पैसे कुठंकुठं जातात ते नुसतं बघायचं. पैसे येतात ते सगळ्यांना कळतं, जातात ते कळत नाही. दूधवाल्याला दिले, ब्रेडवाल्याला दिले, पतसंस्थेचा पिग्मीवाला येऊन तीनशे घेऊन गेला, वहिनींनी भाजीला पाचशे नेले, पोरानं पेट्रोलला दोनशे काढले, शेजारच्या टेलरनं हातउसने मागितले, कुणीतरी "पाचशे फोनपे करतो, कॅश द्या" म्हणून नोट घेऊन गेलं. यातलं खर्च म्हणावं असं फार थोडं आहे. माल, बचत, घरखर्च, उसने आणि नुसती अदलाबदल, सगळं एकाच ड्रॉवरमधनं जातं आणि कुठंच लिहिलं जात नाही.

त्या दोन तासांत अजून एक गोष्ट बघून ठेवा, काउंटरवर क्यूआर किती आहेत आणि ते कुणाच्या नावावर आहेत. एका दुकानात मला तीन मिळाले. एक काकांचा स्वतःचा, एक कुठल्यातरी कंपनीच्या माणसानं फुकट लावून दिलेला आणि तिसरा पुण्याला नोकरी करणाऱ्या मुलाच्या खात्याचा. गिऱ्हाईक जो समोर दिसेल तो स्कॅन करायचं. म्हणजे दुकानाची विक्री तीन खात्यांत, त्यातली एक मुलाच्या पगाराच्या खात्यात, आणि मुलगा महिन्याला अंदाजानं ठोक रक्कम घरी पाठवायचा. यात कुणाची लबाडी काहीच नव्हती, पण हिशोब लागणं अशक्य होतं, आणि उद्या कुणी मुलाला विचारलं की पगाराशिवायचे हे रोजचे दीडशे-दोनशे रुपये कसले तर त्याच्याकडं उत्तर नव्हतं.

क्यूआर एकच, खातं वेगळं

म्हणून वहीच्या आधी पेमेंटचं मार्गी लावा, नाहीतर वही चुकीच्या आकड्यांवर उभी राहते. क्रम असा ठेवा.

आधी खातं. दुकानासाठी बँकेत वेगळं खातं, ज्यात घरचा गॅस, एलआयसीचा हप्ता, मेव्हण्यानं पाठवलेले पैसे काहीच येणार नाही. चालू खातं असेल तर उत्तम, पण त्यात मिनिमम बॅलन्स किती ठेवावा लागतो ते आधी विचारून घ्या, छोट्या दुकानाला तो दंड परवडत नाही. चालू खात्याला बँक दुकानाचा पुरावा मागते. महाराष्ट्रात थोडेच कामगार असलेल्या छोट्या दुकानाला शॉप ॲक्टची ऑनलाइन सूचना द्यायची असते, तिची पावती आणि उद्यम नोंदणी एवढ्यावर बऱ्याच बँकांत काम होतं. उद्यम नोंदणी udyamregistration.gov.in वर पूर्ण फुकट आहे. याच्यासारख्या दिसणाऱ्या खाजगी साइट हजार-दीड हजार उकळतात, तेव्हा पत्ता स्वतः टाइप करा, गूगलवर पहिलं येईल त्यावर क्लिक करू नका.

मग मर्चंट क्यूआर. बँकेचा घ्या नाहीतर पेमेंट ॲपच्या बिझनेसवाल्या ॲपचा, पण त्याला जोडलेला मोबाइल नंबर दुकानदाराचाच पाहिजे. तुमचा नंबर, तुमचा ईमेल कधीच टाकायचा नाही, काकांना ओटीपी बघता येत नाही म्हणून सोयीसाठीसुद्धा नाही. उद्या तुम्ही काम सोडलंत, नंबर बदलला, की दुकानाचं खातं तुमच्या फोनात अडकून बसतं. आणि यूपीआय पिन टाकताना तोंड दुसरीकडं फिरवायचं, हे त्यांना दिसेल असं करायचं, म्हणजे इतर कुणी आलं तरी पिन सांगायचा नसतो हे न बोलता कळतं.

क्यूआर आला की टेस्ट करा आणि ती नीट करा. दोन वेगवेगळ्या ॲपवरनं एकेक रुपया पाठवा. पाठवताना स्क्रीनवर दुकानाचं नाव येतंय का बघा, तिथं भलतंच नाव आलं तर गिऱ्हाईक थबकतं. साउंड बॉक्स बोलला का, बिझनेस ॲपमध्ये दोन एंट्री दिसल्या का, आणि दुसऱ्या दिवशी ते दोन रुपये खरंच बँकेच्या खात्यात पडले का, एवढं झाल्याशिवाय सेटिंग झालं असं समजू नका. त्यानंतर जुने सगळे क्यूआर काढून टाका. काकांना ते टाकवत नाही, "असू दे की, काय खातंय व्हय" म्हणतात, तर तिथं बसून पुण्याच्या खात्याची गोष्ट समजावून सांगा आणि तुमच्यासमोरच फाडायला लावा.

चार्जचं सगळे विचारतात. बँक खात्यातनं यूपीआयनं आलेल्या पैशावर 1 जानेवारी 2020 पासून दुकानदाराला एमडीआर, म्हणजे पेमेंटमागं कापलं जाणारं कमिशन, नाही. पैसे जातात ते साउंड बॉक्सच्या भाड्यात, ते कंपनीप्रमाणं बदलतं, महिन्याला शंभर-सव्वाशेच्या आसपास धरून चाला, आणि ते बऱ्याचदा आलेल्या पैशातनंच कापून घेतात. रोज वीस-पंचवीस पेमेंट येणाऱ्या दुकानाला बॉक्स पाहिजेच, कारण गर्दीत स्क्रीनशॉट दाखवून जाणारे असतात. स्क्रीनशॉट बघून माल द्यायचा नाही, बॉक्सचा आवाज ऐकायचा, आणि रक्कम पाचशेच्या वर असेल तर ॲप उघडून बघायचं. नेट स्लो असलं की बॉक्स उशिरा बोलतो, तेव्हासुद्धा ॲपच खरं. पैसे घ्यायला पिन लागत नाही, फक्त द्यायला लागतो, हे दुकानात जेजे काउंटरला बसतात त्या प्रत्येकाला सांगा, विशेषतः दुपारी बसणाऱ्या आजींना. आणि फसवणूक झालीच तर लगेच 1930 ला फोन, तो नंबर ड्रॉवरच्या आतल्या बाजूला मोठ्या अक्षरात चिकटवून ठेवा.

रोजमेळ: उलट्या बाजूनं

आता मुख्य काम. प्रत्येक विक्री लिहा असं सांगितलंत तर दोन दिवस लिहितील आणि वही बंद. म्हणून विक्री लिहायचीच नाही, ती शेवटी काढायची. लिहायच्या फक्त पाच गोष्टी: सकाळी गल्ल्यात किती होते, दिवसभरात गल्ल्यातनं काय काय बाहेर गेलं, विक्री नसलेलं आत काय आलं, नवी उधारी किती दिली, आणि रात्री मोजून किती निघाले. यूपीआयचा आकडा ॲपमध्ये असतोच.

खणभागातल्या एका किराणा दुकानासारख्या दुकानाचा एक दिवस घेऊ. सकाळी गल्ल्यात सुट्टे धरून 2,000. दिवसभरात बाहेर गेले ते असे: बेकरीवाल्याला 1,850, दूधवाल्याला 1,120, पिग्मी 300, घरी 500, चहा 60 आणि एका गिऱ्हाइकाला यूपीआयच्या बदल्यात कॅश दिली 500. एकूण 4,330. जुन्या उधारीतले रोख आले 1,200. रात्री मोजून निघाले 6,340.

रोख विक्री = रात्रीची रोकड + बाहेर गेलेले − सकाळची रोकड − विक्री नसलेले आत आलेले

म्हणजे 6,340 + 4,330 − 2,000 − 1,200 = 7,470.

ॲपमध्ये त्या दिवशीचे 5,415 दिसतायत. त्यात 900 जुन्या उधारीचे आणि 500 त्या कॅश नेलेल्या माणसाचे, ते विक्री नव्हेत, म्हणून यूपीआयची विक्री 4,015. नवी उधारी 1,385. दिवसाची एकूण विक्री 7,470 + 4,015 + 1,385 = 12,870.

हे पहिल्यांदा काकांसमोर त्यांच्याच आकड्यांवर करून दाखवा. दुकानदाराला स्वतःची दिवसाची विक्री बऱ्याचदा पहिल्यांदाच कळते आणि त्या आकड्यावर त्यांचा विश्वास बसत नाही, कारण गल्ल्यात तर सहा हजारच दिसत होते.

यात ते पाचशेच्या अदलाबदलीचं नीट समजून घ्या, नवीन माणूस इथंच चुकतो. दोन्ही बाजूला लिहायचं राहिलं तर एकूण विक्री 12,870 च येते, पण रोख पाचशेनं कमी आणि यूपीआय पाचशेनं जास्त दिसतं. एकाच बाजूला लिहिलं, म्हणजे गल्ल्यातनं गेल्याचं लिहिलं पण यूपीआयमधनं वजा केलं नाही, तर विक्री उगीच पाचशेनं फुगते. सणाच्या आठवड्यात आणि एटीएममध्ये खडखडाट असला की असे दिवसाला चार-पाच व्यवहार होतात, महिन्याला मोठा फरक पडतो. सोपा उपाय म्हणजे अशा नोटेच्या बदल्यात गल्ल्यात चिठ्ठी टाकायची, "500 बदली". रात्री मोजताना चिठ्ठ्यापण निघतात.

रात्री मोजल्यावर 2,000 सुट्टे ठेवून वरचे 4,340 काका घरी नेतात. ते कुठं गेले ते त्याच पानावर एका ओळीत यायलाच पाहिजे: बँकेत भरले, होलसेलरला द्यायला बाजूला ठेवले की घरात खर्चाला गेले. ही ओळ राहिली की दुसऱ्या दिवशीचा दिवस बरोबर दिसतो, पण महिन्याचा हिशोब बोंबलतो. "अगं माझाच गल्ला, माझेच पैसे, मी काढलेलं कशाला लिहू" हे तुम्हाला प्रत्येक दुकानात ऐकायला मिळणार. त्याला उत्तर एवढंच की पैसे तुमचेच आहेत, कुणी विचारणार नाही कशाला काढले, फक्त किती काढले ते लिहा, नाहीतर तेवढी विक्रीच झाली नाही असं वही म्हणते. पिग्मीचंही तसंच, ती खर्चात टाकायची नाही, ती त्यांची बचत आहे, वेगळा रकाना. घरखर्च तिसरा रकाना. तीन रकाने झाले की पुरे, जास्त पाडू नका.

बँकेशी मेळ, आठवड्यातनं एकदा

मर्चंट क्यूआरचे पैसे बऱ्याचदा एकेक करून खात्यात येत नाहीत, दिवसाचे सगळे एकत्र होऊन दुसऱ्या दिवशी एकच रक्कम पडते. सोमवारचे ॲपमध्ये 5,415 आणि मंगळवारी बँकेत 5,290 दिसले तर घाबरायचं नाही, 125 बॉक्सचं भाडं कापलंय. ते 125 दुकानाच्या खर्चात लिहा. पासबुक समोर ठेवून ॲपच्या रोजच्या एकूण रकमेपुढं बँकेची रक्कम टिक करत जा, इतकंच काम आहे, पण ते दर आठवड्याला करा, महिन्याचं साठवलं की करावंसं वाटत नाही. एखाद्या दिवसाची रक्कम पडलीच नसेल तर ॲपमध्ये त्या सेटलमेंटचा यूटीआर नंबर, म्हणजे बँकेतल्या व्यवहाराचा ओळख नंबर, बघा आणि तो घेऊन बँकेत जा. नुसतं "पैसे आले नाहीत" म्हणून गेलात तर फिरवाफिरवी होते, नंबर दाखवला की शोधता येतं.

एक भानगड हल्ली होते. कुणीतरी फसवणुकीतले पैसे वापरून दुकानात खरेदी करतं आणि त्या तक्रारीवरनं बँक दुकानदाराच्या खात्यातली तेवढी रक्कम, कधी कधी पूर्ण खातं, होल्डवर टाकते. दुकानदाराची काही चूक नसते. अशा वेळी बँकेकडनं तक्रारीचा नंबर आणि तक्रार कुठल्या सायबर पोलीस ठाण्याची आहे ते लेखी मागायचं, त्या दिवशीचं रोजमेळाचं पान आणि ॲपमधली एंट्री जोडून माल विकल्याचा खुलासा द्यायचा. वेगळं खातं ठेवायचा फायदा इथं दिसतो, घरचं खातं तरी चालू राहतं. होलसेलरला द्यायचे सगळे पैसे एकाच खात्यात साठवून ठेवू नका असं मी दुकानदारांना सांगते ते याच कारणानं.

उधारी

उधारीची ॲप चांगली आहेत, पण सुरुवातीला मी वहीच ठेवायला लावते, प्रत्येक गिऱ्हाइकाला एक पान. ॲपमधनं गिऱ्हाइकाला आपोआप मेसेज जातो आणि वीस वर्षं माल नेणाऱ्या माणसाला "तुमची बाकी 640" असा मेसेज गेला की तो समोरच्या दुकानात जायला लागतो. मेसेज पाठवायचा की नाही हे प्रत्येक गिऱ्हाइकाबाबत दुकानदारानं ठरवायचं, तुम्ही नाही. सेटिंगमध्ये आधी तो बंद करा, मग ज्यांचं चालतं त्यांचा चालू करा.

जुनी बाकी उतरवून घेताना गिऱ्हाईक समोर असताना घ्या आणि आकड्यापुढं त्याची सही किंवा नुसतं आद्याक्षर घ्या. नंतरचे सगळे वाद याच एका आकड्यावरनं होतात. वसुली आली की ती रोख आली की यूपीआयनं ते लिहायचं, कारण वरच्या रोजमेळात ती दोन वेगळ्या ठिकाणी वजा होते. आणि उधारी कधी येते ते गिऱ्हाइकाप्रमाणं ठरलेलं असतं. कुपवाड एमआयडीसीत जाणाऱ्यांची पगार झाला की, उसाचं बिल येणाऱ्यांची ते बिल जमा झालं की. पानाच्या डोक्यावर तेवढं लिहून ठेवा. ठरलेल्या वेळेच्या पुढं महिना गेला तरी पान हललं नाही तर त्यांना फक्त नाव दाखवा, मागायचं काम त्यांचं.

महिनाअखेर: वही खरं बोलतेय का

उलट्या बाजूनं विक्री काढायची पद्धत सोपी आहे, पण तिच्यात एक मोठी कमतरता आहे. गल्ल्यातनं काढलेलं लिहायचं राहिलं तर ती रक्कम गायब झालेली दिसत नाही, विक्रीच तेवढी कमी दिसते. रोजचं पान बघून हे कधीच कळणार नाही. ते कळतं महिन्याच्या मार्जिनवरनं.

महिन्याच्या पहिल्या तारखेला माल मोजायचा. एकेक पुडी नाही, पोती, बॉक्स, डबे अंदाजानं खरेदीच्या भावात, पण दर महिन्याला त्याच पद्धतीनं. समजा सुरुवातीचा माल 2,40,000, महिन्याची खरेदी 3,35,000 आणि शेवटी शिल्लक 2,52,000. म्हणजे विकलेल्या मालाची किंमत 3,23,000. रोजमेळाची बेरीज 3,60,000 आली तर मार्जिन 37,000, विक्रीच्या साधारण दहा टक्के. तेल, साखर, गहू जास्त विकणाऱ्या दुकानाला हे पटण्यासारखं आहे. पण समजा घरात नेलेले वीस हजार लिहिलेच नाहीत, तर विक्री 3,40,000 दिसेल आणि मार्जिन 17,000, म्हणजे पाच टक्के. दहाच्या जागी पाच दिसलं की समजायचं काहीतरी वहीत आलेलं नाही.

मग शोधायचं कुठं? आधी होलसेलरची बिलं बघा, एखादं दोनदा चढलंय का. मग न मिळालेली उधारी, वहिनींनी कागदावर लिहिलेली आणि वहीत न आलेली. मग घरात वापरलेला माल, महिन्याची साखर-चहापत्ती-तेल दुकानातनंच जातं आणि ती रक्कम छोटी नसते, खरेदीच्या भावानं घरखर्चात लिहायला लावा. हे तिन्ही झाल्यावरही फरक राहिला तरच कामाच्या पोराचा विषय काढा, आणि तोही काकांशी एकट्याशी. मार्जिन कमी दिसलं म्हणून पहिल्याच दिवशी पोराकडं बोट दाखवू नका, बहुतेक वेळा पैसे घरातच गेलेले असतात.

उलटपण होतं. मार्जिन अठरा-वीस टक्के आलं आणि दुकान नुसतं किराण्याचं असेल तर खुश होऊ नका, रोखीनं आणलेल्या मालाची बिलं राहिलीत.

40 लाखाचा विषय

इथपर्यंत आलात की एक प्रश्न आपोआप समोर येतो, त्याला टाळू नका. फक्त मालाची विक्री करणाऱ्याला आपल्याकडं वर्षाची एकूण विक्री 40 लाखाच्या पुढं गेली की जीएसटी नोंदणी लागते. भागाकार करा, दिवसाला साधारण अकरा हजार. वरच्या दुकानाची विक्री 12,870 आहे. काका म्हणतात "फोनपेवर तर चारच हजार येतात", पण यात रोख, यूपीआय आणि उधारीवर दिलेला माल सगळं धरतात, आणि दुकानात करपात्र माल असेल तर सुट्टं धान्य-दुधासारखा कर नसलेला मालही त्या 40 लाखात मोजला जातो. फक्त करमुक्त मालच विकणाऱ्याला नोंदणी लागत नाही, पण साबण-बिस्किट नसलेलं किराणा दुकान मी तरी बघितलं नाही.

2025 च्या जुलैमध्ये कर्नाटकात यूपीआयच्या आकड्यांवरनं छोट्या दुकानदारांना जीएसटीच्या नोटिसा गेल्या, तेव्हा बेंगळुरूत कित्येकांनी क्यूआर काढून टाकले. ती बातमी इकडं सगळ्यांनी वाचलीय आणि "क्यूआर नको, रोखच बरं" असं तुम्हाला ऐकायला मिळेल. त्यांना सरळ सांगा की मर्यादा विक्रीला आहे, पेमेंटच्या पद्धतीला नाही. उलट खात्यात घरचे, उसन्याचे, बदलीचे पैसे मिसळलेले असले आणि वही नसली तर सगळीच विक्री नव्हती हे दाखवायला काहीच हातात राहत नाही. रोजमेळात ते 500 आणि 900 वेगळे लिहिलेत ते याच्यासाठीपण.

इन्कम टॅक्सलापण रोख आणि यूपीआयची वाटणी लागते. छोट्या धंद्यासाठी जी अंदाजित उत्पन्नाची सोय आहे, जुन्या कायद्यात कलम 44एडी, तिच्यात रोख विक्रीवर कमीत कमी 8 टक्के आणि बँकेतनं-यूपीआयनं आलेल्या विक्रीवर 6 टक्के उत्पन्न धरतात. दहा लाखाची विक्री रोखीची दिसली की यूपीआयची, यात उत्पन्नाचा वीस हजाराचा फरक पडतो.

नोंदणी घ्यायची, कंपोझिशनमध्ये, म्हणजे छोट्यांसाठीच्या जीएसटीच्या सोप्या योजनेत, जायचं की नियमित राहायचं, हे मात्र तुम्ही ठरवून देऊ नका. कंपोझिशनमध्ये व्यापाऱ्याला 1 टक्का भरावा लागतो, तो गिऱ्हाइकाकडनं वेगळा घेता येत नाही आणि खरेदीवरचा टॅक्स परत मिळत नाही, एवढं समजावून सांगा आणि आकडे घेऊन त्यांना कर सल्लागाराकडं घेऊन जा. तुम्हाला स्वतःला ही कामं करायची असतील तर कॉमर्सच्या पदवीवर जीएसटी प्रॅक्टिशनर म्हणून नाव नोंदवता येतं, त्याला नासिन या केंद्राच्या कर प्रशिक्षण संस्थेची परीक्षा पास व्हावी लागते. ते होईपर्यंत आपण हिशोबनीस, सल्लागार नाही.

फी, आणि काय स्वतःकडं ठेवायचं नाही

मी क्यूआर आणि वही लावून द्यायचे एकदाच पैसे घेते आणि मग महिन्याची ठरलेली रक्कम, आठवड्यातनं एक फेरी. छोट्या दुकानाला महिन्याला पाचशे ते आठशे जड जात नाही, त्याच्या वर गेलात तर ते चार महिन्यांनी बंद करतात. विक्रीच्या टक्केवारीवर फी ठरवू नका, मग ते तुमच्यापासनंच विक्री लपवायला लागतात. फी मालाच्या रूपात घेऊ नका, ती पुन्हा वहीत लिहावी लागते आणि कुणाच्याच लक्षात राहत नाही. पहिला महिना वहिनींना शेजारी बसवून शिकवा, कारण रात्री गल्ला मोजायचं काम बऱ्याच घरांत त्यांच्याकडंच असतं आणि त्यांची नोंद काकांपेक्षा नीट असते.

वही दुकानातच ठेवायची, तुमच्या घरी आणायची नाही. पण दर आठवड्याला पानांचे फोटो काढून दुकानदाराच्याच फोनवरनं त्यांच्या आणि मुलाच्या व्हॉट्सॲपवर पाठवा. 2019 आणि 2021 च्या पुरात इथल्या पेठांमध्ये पाणी शिरलं तेव्हा मालाबरोबर उधारीच्या वह्यापण गेल्या, आणि नुकसान किती झालं, कुणाकडं किती यायचे होते, हे सांगायला कागदच उरला नाही. मालाच्या मोजणीच्या पानाचा फोटो सगळ्यात आधी घ्या, इन्शुरन्सवाले पहिलं तेच मागतात. पावसाळ्यात नदीकाठच्या दुकानांची वही आणि बिलांची फाइल खालच्या कपाटातनं काढून वरच्या फळीवर ठेवायची, जूनच्या फेरीतच आठवणीनं.

मार्च संपला की बारा महिन्यांच्या बेरजेचं एक पान, बँक स्टेटमेंट, होलसेलरची बिलं महिन्यावार लावून आणि 31 मार्चच्या मालाची मोजणी, असं सगळं एका फाइलीत घालून दुकानदाराच्या हातात द्या. सल्लागाराकडं ती त्यांनी स्वतः न्यावी, तुम्ही सोबत जा, आणि पहिल्या वर्षी तो जेजे प्रश्न विचारेल ते वहीच्या शेवटच्या पानावर लिहून आणा, पुढच्या एप्रिलपासनं त्यासाठीच रकाना लागतो का ते बघता येतं.